गोळी तीच, डोस तोच, मग विषबाधा कशी?

चुकून एक गोळी जास्त घेतली तर काय होईल, असं घराघरांत विचारलं जातं. याचं उत्तर औषधागणिक बदलतं. औषधशास्त्रात त्यासाठी एक माप आहे, थेरप्युटिक इंडेक्स. निम्म्या लोकांना अपाय करणाऱ्या डोसला निम्म्या लोकांना गुण देणाऱ्या डोसने भागायचं. उत्तर मोठं आलं तर गुण आणि अपाय यांच्यात भरपूर जागा आहे. ॲलर्जी सोडली तर पेनिसिलिनचं असंच आहे. उत्तर लहान आलं तर जागा अगदी अरुंद.

अशा अरुंद जागेचं औषध म्हणजे लिथियम. बायपोलर या मानसिक आजारात ते बरीच वर्षं घ्यावं लागतं. रक्तात त्याचं प्रमाण साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर असलं की गुण येतो. १.५ च्या वर गेलं की विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, आणि २ च्या वर जिवाला धोका होऊ शकतो. म्हणजे प्रमाण दुप्पट झालं की औषधाचं विष होतं.

ही जागा सांभाळणं कठीण का? लिथियम यकृतात मोडत नाही, ते बहुतेक सगळं लघवीवाटेच बाहेर पडतं. शिवाय ते मिठातल्या सोडियमसारखं असल्याने मूत्रपिंडाला दोघांतला फरक नीट कळत नाही. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड सोडियम राखून ठेवतं, आणि त्याबरोबर लिथियमही.

समजा, एका अब्बांचं प्रमाण ०.८ आहे. उन्हाळ्यातला रमजान, दिवसभर पाणी नाही, त्यात जुलाब लागले. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आयबुप्रोफेनही आणली, जी लिथियम बाहेर पडणं आणखी कमी करते. लिथियमची गोळी एकही वाढली नाही, तरी प्रमाण १.६ वर जाऊ शकतं. मग हात जोरात थरथरतात, उलट्या होतात, चालताना तोल जातो, जीभ जड होते. घरच्यांना वाटतं, रोज्याचा अशक्तपणा आहे. अशा वेळी पुढची गोळी न देता ताबडतोब दवाखान्यात न्यायचं आणि लिथियम चालू आहे हे आधी सांगायचं.

एरवी मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नये, आजार उलटतो. रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटून रोजा ठेवायचा का, गोळी कोणत्या वेळी घ्यायची, हे ठरवावं. प्रमाण तपासायचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी देतात, त्यामुळे गोळीची वेळ बदलली तर तपासणीचीही बदलते. आणि डॉक्टरांनी रोजा नको म्हटलं, तर आजारी माणसाला तो नंतर पूर्ण करण्याची सवलत सूरह बकरामध्येच दिलेली आहे, हे आपण घरातल्या माणसाला समजावून सांगू या.