एक गुन्हा, तीन कायदे

महाराष्ट्रात कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदाची परीक्षा एमपीएससी घेते. वकिली सांभाळून तयारी करणाऱ्याच्या हाती जेमतेम चार महिने असतात. मग न्याय संहिता पहिल्या महिन्यात, नागरिक सुरक्षा संहिता दुसऱ्या आणि साक्ष्य अधिनियम तिसऱ्या, अशी वाटणी केली जाते. माझ्या मते वेळ वाया जातो तो इथेच. तिसरा कायदा हाती येईपर्यंत पहिला विसरलेला असतो. त्यापेक्षा एक गुन्हा घ्या आणि त्याच्या मागोमाग तिन्ही बेअर अ‍ॅक्ट वाचा.

समजा, मोटारसायकलवरून आलेल्याने बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र हिसकावलं. न्याय संहितेच्या कलम 304 खाली हा हिसकावणीचा गुन्हा, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण तिने ते घट्ट धरलं, त्याने ते नेता यावं म्हणून तिला मुद्दाम ढकलून जखमी केलं, तर कलम 309 ची जबरी चोरी होते आणि दुखापतीमुळे शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. दुखापत ऐवज मिळवण्यासाठी किंवा घेऊन जाण्यासाठी केली होती का, हा इथला कळीचा प्रश्न.

आता लगेच सुरक्षा संहितेचं कलम 187 उघडा. नुसती हिसकावणी असेल तर 60 दिवसांत दोषारोपपत्र यायला हवं. जन्मठेपेचा गुन्हा असेल तर 90 दिवसांत. मुदत उलटली, आरोपीने दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज केला आणि जामीन द्यायची तयारी दाखवली, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणजे कलम चुकलं की मुदतही चुकते. सुटी कलमं पाठ करणारा विद्यार्थी नेमका या सांध्यावर अडखळतो.

कोठडीत आरोपी पंचांसमोर म्हणतो, “बाईला ढकलून ओढलेलं मंगळसूत्र मी गोठ्यामागे पुरलंय.” तिथे ते सापडतं. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 नुसार पोलिसांपुढचा कबुलीजबाब चालत नाही. पण त्याच कलमाच्या परंतुकामुळे, वस्तू सापडायला थेट कारण झालेला भाग चालतो. म्हणून “गोठ्यामागे पुरलंय” ग्राह्य, “बाईला ढकलून ओढलेलं” अग्राह्य. प्रिव्ही कौन्सिलचा पुलुकुरी कोट्टय्या हा निकाल यासाठीच वाचायचा. उत्तरात ते विधान लिहून अग्राह्य शब्द खोडून दाखवा; तत्त्व कळलंय का, हे तिथेच दिसतं.

पहिले अडीच महिने असेच खून, फसवणूक, विश्वासघात असे गुन्हे घ्या. उरलेल्या दिवसांत राहिलेली कलमं आणि वेळ लावून उत्तरलेखन. जुने क्रमांकही शेजारी लिहीत चला: 1 जुलै 2024 पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला आजही भारतीय दंड संहिताच लागू होते.