ट्रायलचे दोन फोटो: एक फ्लॅशचा, एक खिडकीजवळचा

लग्नाच्या स्टेजवरचा एक फोटो बऱ्याच घरांत सापडतो. नवरा-नवरी मधोमध, दोन्ही बाजूंना पाहुणे, आणि कुणीतरी मोबाइलचा फ्लॅश मारून काढलेला. पाहुण्यांचे चेहरे ठीक असतात, नवरदेवही ठीक असतो. नवरीच्या डोळ्यांखाली मात्र पांढरे अर्धगोल उमटलेले, नाकाच्या बाजूंना पिठूळ ठिपके, आणि चेहऱ्याचा रंग एक तर मानेचा दुसराच. त्याच मेकअपमध्ये तिचा कार्यालयाच्या अंगणात काढलेला फोटो बघावा, तर त्यात यातलं काही दिसत नाही. मग कुणी म्हणतं मेकअप फसला, कुणी तिच्या सावळ्या रंगावर बोलून मोकळं होतं. दुसऱ्या बोलण्याची मला मनापासून चीड येते, कारण या पांढरेपणाचा तिच्या रंगाशी संबंध एवढाच, की गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर तो जास्त उठून दिसतो. त्याचं कारण पावडरीत आणि फ्लॅशच्या जागेत असतं, आणि ते ट्रायलच्या दिवशीच पकडता येतं.

मेकअप करणाऱ्या मुली याला ‘फ्लॅशबॅक’ म्हणतात. शेवटी जी बारीक पावडर मारून मेकअप सेट करतात, तिच्यात पुष्कळदा सिलिका असते. डबीत ती पांढरी दिसते, पण चेहऱ्यावर नाहीशी होते. सिलिकाचे कण प्रकाश सगळीकडे विखुरतात, त्यामुळे त्वचेवरची छिद्रं पुसट दिसतात. तिचा उपयोग त्यासाठीच. खिडकीतून येणारा उजेड मोठ्या जागेतून, अनेक दिशांनी चेहऱ्यावर पडतो आणि तसाच पसरून जातो. मोबाइलचा फ्लॅश मात्र लेन्सच्या अगदी शेजारी असतो. तो समोरून एकदम येतो आणि कणांवरून मागे फिरलेला प्रकाश सरळ लेन्समध्ये शिरतो. रात्री घाटातून जाताना रस्त्याकडेची रिफ्लेक्टरची पट्टी आपल्याच गाडीच्या दिव्यात झगझगते, काहीसा तसाच प्रकार. 2014 मध्ये न्यूयॉर्कला ‘द नॉर्मल हार्ट’ या चित्रपटाच्या प्रीमियरला अँजेलिना जोलीच्या चेहऱ्यावर असे पांढरे डाग आले आणि ते फोटो जगभर फिरले. मेकअप करणारे हात कितीही सरावलेले असले, तरी फ्लॅशमधला फोटो काढून पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

दुसरा घटक फाउंडेशनमध्येच असतो. फाउंडेशनचा रंग पिवळा, लाल आणि काळा आयर्न ऑक्साइड आणि पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड यांच्या मिश्रणातून तयार होतो. भिंतीच्या पांढऱ्या रंगातही हेच टायटॅनियम वापरतात, इतका तो प्रकाश परतवतो. शेड जितकी उजळ, तितकं त्यात टायटॅनियम जास्त. म्हणजे ‘लग्न आहे, दोन शेड उजळ लावू’ असं पार्लरमध्ये ठरलं, की फ्लॅशमध्ये चेहरा पांढरा पडण्याची सोयही तिथेच झाली. आरशात आणि रिंग लाइटमध्ये ती उजळ शेड छान वाटते. फोटोत चेहरा पुढे येतो आणि मान, कान, हिरव्या चुड्यातले हात मागे राहतात. माझं मत ठाम आहे: शेड जबड्याच्या कडेला लावून मानेशी जुळवावी, आणि ‘जरा उजळ’ हा आग्रह घरातल्या मोठ्यांचा असला, तरी तो मानू नये. मेकअपखाली झिंक किंवा टायटॅनियमचं सनस्क्रीन लावलं असेल तर तेही यात भर घालतं, म्हणून ट्रायलला जाताना कोणतं सनस्क्रीन लावलं आहे ते सांगावं.

शिमरची गोष्ट वेगळी आहे. तो बहुधा अभ्रकाच्या चपट्या पापुद्र्यांचा असतो. त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर देतात आणि थराच्या जाडीनुसार चमक रुपेरी, सोनेरी किंवा गुलाबी दिसते. चपटा कण प्रकाश पसरवत नाही, एका ठरावीक दिशेला परतवतो. खिडकीचा उजेड पसरलेला असल्याने पापणीवरच्या कणांपैकी बरेचसे कुठल्या ना कुठल्या कोनातून तो पकडतात आणि सलग, मऊ झळाळी दिसते. फ्लॅश म्हणजे एक छोटासा बिंदू. त्यात नेमके कॅमेऱ्याकडे वळलेले थोडेच कण पेटतात, बाकीचे विझलेले राहतात. जे पेटतात ते इतके तेजस्वी असतात की कॅमेऱ्याला त्यांचा रंग पकडता येत नाही. सोनेरी शिमर म्हणून फोटोत पांढऱ्या ठिपक्यांसारखा येतो. कण जाड असतील तर ठिपके मोठे, बारीक असतील तर पापणी रेशमी दिसते. कपाळाच्या मध्यावर आणि नाकाच्या शेंड्यावर लावलेल्या हायलाइटरचं तर फ्लॅशमध्ये घामाशी साम्य दिसू लागतं, कारण हेच भाग सरळ कॅमेऱ्याकडे तोंड करून असतात.

मराठी लग्नात पापणीचा विचार जास्त करावा लागतो. अंतरपाटापलीकडे उभी राहिलेली नवरी, वाकून नमस्कार करणारी नवरी, अक्षता पडताना मान खाली घातलेली नवरी: यातल्या जवळजवळ प्रत्येक फोटोत डोळे झुकलेले आणि पूर्ण पापणी समोर. ट्रायलमध्ये मात्र सगळ्या जणी कॅमेऱ्याकडे बघून हसतात. निदान एक फोटो खाली बघून काढायलाच हवा.

माझ्या भाचीच्या ट्रायलला मी गेले होते, तिथे हे सगळं एका चेहऱ्यावर बघायला मिळालं. तिचा रंग गव्हाळ, मुहूर्त सकाळी अकराच्या सुमाराचा, संध्याकाळी रिसेप्शन. पार्लरमधल्या रिंग लाइटमध्ये चेहरा गुळगुळीत दिसत होता. रिंग लाइट सगळीकडून समोरून पडतो, सावली पडू देत नाही, त्यामुळे त्यातला फोटो या परीक्षेला उपयोगाचा नाही. आम्ही तिला खिडकीशी नेलं. ऊन थेट चेहऱ्यावर येत नव्हतं, नुसता उजेड होता. तिच्या खांद्यावर पांढरा रुमाल ठेवला. मोबाइल स्वतःच रंगांत फेरफार करतो. रुमाल फोटोत पिवळा किंवा निळा दिसला, तर चेहऱ्याचा रंगही खोटा आलाय असं समजायचं. ब्यूटी मोड, पोर्ट्रेट, नाइट मोड बंद केले आणि मागचा कॅमेरा वापरला, कारण पुढच्या कॅमेऱ्याचा ‘फ्लॅश’ बहुतेक फोनमध्ये म्हणजे नुसता पांढरा झालेला स्क्रीन असतो. साधारण पाच फुटांवरून समोरून, बाजूने आणि खाली बघताना असे फोटो काढले. मग दिवे मंद करून, फ्लॅश ‘ऑटो’वर न ठेवता ‘ऑन’ करून, तेवढ्याच अंतरावरून तेच फोटो पुन्हा काढले. अंतर सारखं ठेवणं महत्त्वाचं असतं. फ्लॅश दुप्पट लांब गेला की चेहऱ्यावर पडणारा त्याचा प्रकाश चौथा हिस्सा उरतो, आणि हातभर अंतरावरून काढलेला फोटो उगाच घाबरवतो.

खिडकीजवळचे फोटो सुंदर होते. फ्लॅशमध्ये डोळ्यांखाली पांढरे अर्धगोल आले, गालाच्या हाडावर एक चकाकता पट्टा, आणि पापणीवर ठिपके.

“मावशी, फोनचा उजेडच जास्त पडलाय ना?” भाचीने विचारलं. हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर फोटोतच असतं. उजेड जास्त पडला असता, तर मान आणि रुमालही पांढरे फटक झाले असते, रुमालाची शिवण दिसली नसती. इथे शिवण स्पष्ट होती, मान नीट होती, फक्त डोळ्यांखालचा भाग पांढरा. म्हणजे पावडर. खात्रीसाठी मेकअप करणाऱ्या ताईंनी दुसऱ्या फोनचा टॉर्च बाजूने धरला आणि माझ्या फोनचा फ्लॅश बंद करून मी पुन्हा फोटो काढला. पांढरे अर्धगोल बरेचसे गेले. प्रकाश लेन्सजवळून हलवला की जे कमी होतं, तो फ्लॅशबॅक. चेहऱ्याची शेडच उजळ लागली असती, तर ती बाजूच्या उजेडातही मानेपासून वेगळी दिसली असती.

गालावरची चमक तेलाची की हायलाइटरची, हे ओळखायला ताईंनी टिश्यू हलका दाबला. नाकावरची चमक टिश्यूबरोबर गेली, गालावरची राहिली. तेल टिपलं जातं, अभ्रक टिपलं जात नाही.

मग दुरुस्ती. डोळ्यांखाली पावडरीचा जाड थर काही मिनिटं तसाच ठेवून झटकायची पद्धत हल्ली बरीच आहे, तिला ‘बेकिंग’ म्हणतात; ती ताईंनी सोडून दिली. पांढऱ्याऐवजी त्वचेच्या रंगाची पावडर घेतली, ती फक्त जिथे तेल सुटतं तिथे, आणि मोठ्या मऊ ब्रशने जादा पावडर झटकून टाकली. वरून ओलसर स्पंज दाबला. गालावरचा हायलाइटर बारीक कणांचा घेऊन अरुंद केला, कपाळावरचा काढला. पापणीवर जाड शिमर फक्त मधोमध, बोटाने दाबून, आणि भोवती रेशमी चमकीचा रंग. पुन्हा फ्लॅशचे फोटो. डोळ्यांखालचा पांढरेपणा दिसेनासा झाला. पापणीवर थोडे ठिपके राहिले, ते भाचीला आवडले, आणि रिसेप्शनच्या लुकसाठी ते ठेवले. सकाळच्या लुकमध्ये नथ, मुंडावळ्यांचे मोती आणि शालूची जर एवढी चमक आधीच असते, तिथे ती ठिपके नको म्हणाली.

दोन-अडीच तासांनी, घरी पोचल्यावर, खिडकीशी आणखी एक फोटो काढला. काही फाउंडेशन हवा आणि त्वचेवरचं तेल लागून थोडी गडद किंवा नारिंगी होतात, आणि ट्रायल लगेच संपवली तर हे कळत नाही. तिचं तसं झालं नाही. झालं असतं, तर उपाय दुसरं फाउंडेशन निवडणं. लावतानाच उजळ शेड लावून ठेवण्याने सुरुवातीचा एक तास पांढरा जातो.

फोटोग्राफरशीही एकदा बोलून घ्यावं. बरेच जण फ्लॅश सरळ चेहऱ्यावर न मारता छताकडे किंवा छत्रीत वळवतात. तसा प्रकाश मोठ्या पृष्ठभागावरून खाली येतो, त्यामुळे त्यांच्या फोटोत फ्लॅशबॅक क्वचित दिसतो. पण कार्यालयाचं छत फार उंच किंवा गडद रंगाचं असेल तर ही युक्ती चालत नाही आणि फ्लॅश सरळ मारावा लागतो. शिवाय पाहुण्यांचे मोबाइल आहेतच, त्यांचे फोटो आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पोचतात. म्हणून परीक्षा सरळ फ्लॅशचीच घ्यायची.

एक गोष्ट मात्र ट्रायलमध्ये दिसत नाही: हळद. हळदीची पिवळी झाक एखादा दिवस तरी त्वचेवर राहते, विशेषतः मानेवर आणि कानामागे, जिथे ती नीट धुतली जात नाही. ट्रायलला जुळवलेली शेड त्यामुळे लग्नाच्या सकाळी मानेशी थोडी फटकून वागू शकते. भाचीच्या ताईंनी वहीत फाउंडेशनच्या नावासमोर ‘हळदीनंतर मान आधी तपासणे’ असं लिहून ठेवलं, आणि गरज पडली तर मिसळायला एक अधिक पिवळसर शेड बॅगेत टाकायची असं ठरवलं.