तापात साखर का भडकते?

ताप आला, जेवण गेले, म्हणून घरचे इन्सुलिनही बंद करतात. इथेच घोटाळा होतो. आजारपणात शरीरातली ताणाची संप्रेरके वाढतात आणि पोटात अन्न नसले तरी यकृत रक्तात साखर सोडत राहते. दम्यासाठी घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही साखर अशीच चढते.

आकडा फार मोठा आला, तर आधी हात साबणाने धुऊन पुन्हा तपासा. आंबा कापलेल्या बोटावर ग्लुकोमीटर हमखास फसतो. तरीही साखर २५०च्या वर टिकून असेल, तर लघवीतले कीटोन तपासावेत आणि डॉक्टरांना फोन करावा. फार तहान, वारंवार लघवी, धूसर दिसणे या सुरुवातीच्या खुणा. उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, श्वासाला फळासारखा वास किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर आकडा कितीही असो, थेट रुग्णालय गाठा. मीटरवर HI उमटले, तर साखर यंत्राच्या मोजमापापलीकडे, बहुतेक मीटरांत ६००च्या वर, गेलेली असते. तेव्हा सकाळची वाट पाहू नये. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिन कधीही थांबवू नये.