क्रिएटिनिन आठवड्यागणिक वाढतं तेव्हा

महिन्याभरापूर्वी क्रिएटिनिन १.०, आज ३.४. पन्नाशीतल्या कुणाच्या हातात असा रिपोर्ट पडला, की घरचे म्हणतात, ‘पाणी जास्त पी, पुढच्या महिन्यात परत बघू.’ मूत्रपिंडाच्या काही दुखण्यांत एवढी सवड असतेही. इथे मात्र पुढच्या महिन्यात डायलिसिसवर जायची वेळ आलेली असू शकते.

या घाईच्या आजारामागे बऱ्याचदा दोनपैकी एक अँटिबॉडी असते, काहींत दोन्ही. ‘अँका’ पांढऱ्या पेशींना भडकवते आणि त्या बारीक रक्तवाहिन्यांवरच तुटून पडतात. ‘अँटी-जीबीएम’ थेट मूत्रपिंडातल्या गाळणीच्या पडद्याला चिकटते. दोन्हींत फुप्फुसातूनही रक्तस्राव होऊ शकतो. आपल्याकडे थुंकीत रक्त म्हटलं की आधी टीबी आठवतो, आणि त्या शोधात दिवस जातात.

नुकसान कसं होतं, ते बायोप्सीत दिसतं. गाळणीची केशवाहिनी फाटते, रक्तातले घटक बाहेर सांडतात, तिथे पेशींची गर्दी होते आणि चंद्रकोरीच्या आकाराचा थर गाळणीला दाबून टाकतो. हा थर ताजा असेपर्यंत औषधाला दाद देतो. काही आठवड्यांत त्याचा कडक वण बनला, की ती गाळणी कायमची गेली.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००१ साली अँटी-जीबीएमच्या ७१ रुग्णांचा अनुभव मांडला. क्रिएटिनिन ५.७ च्या खाली असताना उपचार सुरू झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांची मूत्रपिंडं वर्षानंतरही काम करत होती. जे आले तेव्हाच डायलिसिसची गरज होती, त्यांच्यात हे प्रमाण ८ टक्के होतं.

सोनोग्राफी इथे फसवते. मूत्रपिंडं आकाराने बहुधा नॉर्मलच दिसतात. खरी खूण साध्या लघवी तपासणीत असते: प्रथिनं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली वेड्यावाकड्या झालेल्या लाल पेशी. त्यासोबत क्रिएटिनिन चढत असेल, तर दोन्ही अँटिबॉडीजची तपासणी त्याच दिवशी पाठवायला हवी. संशय दाट असेल तर बायोप्सीच्या रिपोर्टची वाट न पाहता शिरेतून स्टेरॉइड सुरू करतात, साधारण तीन दिवस रोज अर्धा ते एक ग्रॅम. जोडीला सायक्लोफॉस्फामाइड, अँकामध्ये रिटुक्सिमॅबही चालतं. या औषधांनी प्रतिकारशक्ती दबते, म्हणून जंतुसंसर्गावर सतत लक्ष ठेवावं लागतं.

अँटी-जीबीएममध्ये रक्तातली अँटिबॉडीच काढून टाकण्यासाठी प्लाझ्मा बदलतात, बहुधा रोज, दोन आठवड्यांपर्यंत. अँकाच्या रुग्णांना सरसकट तसं केल्याने मृत्यू किंवा कायमचं डायलिसिस टळत नाही, असं २०२० साली ७०४ रुग्णांच्या चाचणीत दिसलं.

उशीर झालेल्यांबाबतही दोन्हींत फरक आहे. अँका असलेला रुग्ण डायलिसिसवर आला तरी उपचार करतात, कारण त्यातले बरेच जण डायलिसिसमधून बाहेर पडतात. अँटी-जीबीएममध्ये डायलिसिस लागलेलं, बायोप्सीतल्या साऱ्या गाळण्या दबलेल्या आणि फुप्फुसात रक्तस्राव नसेल, तर ही जहाल औषधं न देण्याचाच सल्ला अनेकदा दिला जातो.