उद्घाटनाचा फोटो की फुटव्हॉल्व्ह?

अमेरिकेतल्या जॉन डीअर या अवजारे बनवणाऱ्या कंपनीने 1895 साली शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ हे नियतकालिक सुरू केले. ते आजही निघते. त्यात कंपनीच्या ट्रॅक्टरपेक्षा माती, पिके आणि शेतीच्या हिशेबाबद्दलच अधिक वाचायला मिळते.

आपल्याकडच्या बहुतेक ग्राहकपत्रिका मात्र संचालकांच्या मनोगताने सुरू होतात आणि नव्या शाखेच्या फीत कापण्याने संपतात. ग्राहकाने ते का वाचावे, हे कोणी विचारत नाही.

समजा, पंप विकणाऱ्या एका कंपनीला पत्रिका बदलायची आहे. विषय शोधायला तिने सर्व्हिस विभागाची तक्रारवही उघडावी. ‘मोटर फिरते, पण पाणी येत नाही’ ही तक्रार तिथे हमखास सापडेल. झाला लेख! मोटर बंद करून पंपात पाणी भरा आणि पातळी पाहत राहा. ती उतरत गेली, तर फुटव्हॉल्व्ह गळत असण्याची शक्यता मोठी; अनेकदा त्यात नुसता कचरा अडकलेला असतो. पातळी टिकली, तर सक्शन पाइपच्या जोडांतून हवा शिरते का, ते तपासा. वायरिंगला मात्र हात लावू नका, मेकॅनिकला बोलवा.

कंपनीचा फोन नंबर शेवटी, एका ओळीत. विक्री विभागाला हे रुचत नाही. ‘आपला नवा पंप कुठे आहे?’ असा प्रश्न येतोच. त्याला चौकट द्यावी, लेखात घुसवू नये.

ईमेल किती जणांनी उघडला, या आकड्यावर विसंबू नये. काही ईमेल ॲप तो आपोआप फुगवतात. ‘व्हॉल्व्ह साफ केला, पण पाणी अजून चढत नाही’ असा फोन आला, तर लेख वाचला गेला. पुढच्या अंकाचा विषयही तोच.