माहेरच्या नावाचा माग : बाया कर्वे यांच्या निमित्ताने

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या दुसऱ्या पत्नी जुन्या कागदपत्रांत ‘सौ. आनंदीबाई कर्वे’ किंवा नुसत्या ‘बाया’ म्हणून येतात. या नावात माहेरचे काहीच उरलेले नाही. विवाहाच्या वेळी मुलीचे पाळण्यातले नाव बदलले जाई, मधले नाव वडिलांऐवजी पतीचे लागे आणि आडनावही सासरचे होई, त्यामुळे नावाचे तिन्ही भाग एकाच दिवशी पालटत. गोत्रही पतीचेच होत असल्याने विवाहानंतरच्या नोंदीतील गोत्रावरून पितृकुल ठरवता येत नाही.

बायांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. १८९३ साली झालेला हा पुनर्विवाह होता, आणि त्यापूर्वी बालपणीच वैधव्य आल्यावर त्या गोदूबाई नातू म्हणून ओळखल्या जात. ‘पूर्वाश्रमीच्या नातू’ एवढाच उल्लेख हाती आला, तर नातू हेच त्यांचे माहेर असा समज सहज होऊ शकतो. वस्तुतः ते पहिले सासर होते. म्हणून पुनर्विवाहित स्त्रीचे आधीचे आडनाव सापडताच ते पित्याचे की पूर्वपतीचे, हा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो.

तो सोडवण्याचा खात्रीचा दुवा म्हणजे भाऊ, कारण विवाहाने पुरुषाचे नाव बदलत नाही. कर्व्यांचे मित्र नरहर बाळकृष्ण जोशी हे गोदूबाईंचे बंधू. त्यांच्या मधल्या नावातून वडिलांचे नाव बाळकृष्ण आणि आडनावातून माहेरचे जोशी घराणे एकाच वेळी हाती लागते. कोकणातील देवरुख हे त्यांचे गाव. जोशी हे आडनाव अनेक गोत्रांत आढळत असल्याने गावाचा उल्लेख येथे विशेष मोलाचा ठरतो, एरवी भलत्याच घराण्याशी नाते जोडले जाण्याचा धोका असतो. पडताळ्यासाठी पुरावा मात्र दुसऱ्या दिशेने यावा. तो बहिणीकडून मिळतो: हिंगण्याच्या अनाथ बालिकाश्रमासाठी झटलेल्या पार्वतीबाई आठवले या बायांच्या सख्ख्या भगिनी, आणि त्यांचे ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र कर्व्यांच्या ‘आत्मवृत्ता’पासून स्वतंत्रपणे त्याच माहेराकडे नेते. बायांचे स्वतःचे ‘माझे पुराण’ १९४४ चे असल्याने ते उशिराचे, परंतु प्रत्यक्ष साक्षीचे साधन आहे.

आईचे नाव शोधणे याहून कठीण असते. भावाच्या नावात आई कोठेच नसते; कुलवृत्तांत, म्हणजे एका आडनावाच्या घराण्याची छापील वंशावळ, यात पत्नीचे माहेर काही वेळा दिलेले असते, पण मुलींच्या शाखा बहुधा तेथेच थांबतात. अशा वेळी तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या आणि घरातील श्राद्धाची टिपणे उपयोगी पडतात, कारण श्राद्धात माता, पितामही व प्रपितामही यांची नावे उच्चारावी लागतात. मात्र वडिलांचा दुसरा विवाह झालेला असल्यास भावाच्या टिपणातील ‘माता’ ही बहिणीची सावत्र आई असू शकते, म्हणून दोन्ही भावंडांच्या जन्मवर्षांशी आईच्या विवाहाचे व निधनाचे वर्ष ताडून पाहिल्याशिवाय ते नाव चरित्रात लिहू नये.