रेस पिळली की नेमकं काय होतं?

पेट्रोलच्या स्कूटरची रेस पिळली की एक केबल ओढली जाते आणि थ्रॉटलची झडप उघडते. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मुठीत बहुधा अशी केबल नसते. मुठीबरोबर एक छोटा लोहचुंबक फिरतो आणि त्याच्या शेजारी, त्याला कुठेही न टेकता, तीन पायांची एक काळी चिप बसलेली असते. चुंबक किती फिरला हे ती व्होल्टेजच्या रूपात सांगते. या चिपला हॉल सेन्सर म्हणतात.

हे नाव एडविन हॉल यांच्यावरून आलं. १८७९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकत असताना त्यांनी सोन्याच्या अतिपातळ वर्खातून वीज सोडली आणि तो वर्ख चुंबकाच्या ध्रुवांमध्ये धरला. प्रवाह वर्खाच्या लांबीने वाहत होता, पण रुंदीच्या दोन कडांमध्येही अगदी बारीकसा विद्युतदाब तयार झालेला त्यांना दिसला. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा अजून अठरा वर्षं होती!

आज त्याचं कारण सहज सांगता येतं. वाहता इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात आला की त्याच्यावर आडवा जोर पडतो आणि तो एका कडेकडे ढकलला जातो. त्या कडेला इलेक्ट्रॉन साचतात, समोरच्या कडेला त्यांची उणीव पडते. साचलेले इलेक्ट्रॉन मागून येणाऱ्यांना परत लोटू लागतात. हे लोटणं आणि चुंबकाचा जोर सारखे झाले की गर्दी वाढायची थांबते. त्या क्षणी दोन कडांमध्ये जो दाब असतो तो हॉल व्होल्टेज. क्षेत्र दुप्पट केलं तर ते लोटायला दुप्पट दाब लागतो, म्हणून प्रवाह कायम ठेवला की व्होल्टेज क्षेत्राच्या प्रमाणात राहतं. ध्रुव उलटा केला तर त्याचं चिन्हही उलटतं.

मग सोनं किंवा तांबं का वापरत नाहीत? धातूत मोकळे इलेक्ट्रॉन अफाट असतात, त्यामुळे तेवढाच प्रवाह वाहायला प्रत्येकाला अगदी संथ सरकलं तरी पुरतं. आणि आडवा जोर तर वेगावर अवलंबून असतो. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकात वाहक लाखो पटींनी कमी ठेवता येतात, त्यामुळे ते वेगाने धावतात आणि व्होल्टेज मोजण्याजोगं होतं. तरीही ते फार छोटं असतं, म्हणून त्याच चिपमध्ये ते वाढवून देणारं सर्किट कोरलेलं असतं.

रेसच्या मुठीत वापरतात तशा एका प्रचलित चिपचा हिशेब पाहू. तिला ५ व्होल्ट दिले आणि जवळ चुंबक नसेल तर ती २.५ व्होल्ट देते. एका ध्रुवाकडून येणारं क्षेत्र प्रत्येक गॉसमागे साधारण १.४ मिलिव्होल्टने आकडा वाढवतं, दुसऱ्या ध्रुवाचं तेवढाच कमी करतं. मूठ सोडलेली असताना चिपसमोर एक ध्रुव असतो, पूर्ण पिळल्यावर दुसरा. त्यामुळे व्होल्टेज सुमारे ०.८ पासून ४.२ पर्यंत चढत जातं. सुरुवात शून्यापासून होत नाही हे फार सोयीचं आहे. एखादी तार तुटून आकडा शून्यावर किंवा थेट ५ वर गेला, तर ही रेस नसून बिघाड आहे हे कंट्रोलर ओळखू शकतो आणि मोटर बंद ठेवू शकतो.

प्रवाह मोजायलाही हेच तत्त्व चालतं, कारण प्रवाह वाहणाऱ्या तारेभोवती त्याच्या प्रमाणात चुंबकीय क्षेत्र असतं. अडचण एवढीच की ते फार दुबळं असतं. १० अँपिअरच्या तारेपासून एक सेंटिमीटरवर जेमतेम २ गॉस! पृथ्वीचं स्वतःचंच क्षेत्र आपल्याकडे ०.४ गॉसच्या आसपास आहे, म्हणजे मोजमापात मोठी चूक होणार. म्हणून तारेभोवती फेराइटचं कडं घालतात, त्यात दोन मिलिमीटरची फट ठेवतात आणि फटीत चिप बसवतात. आता त्याच १० अँपिअरला फटीत सुमारे ६३ गॉस मिळतात आणि चिपचा आकडा ८८ मिलिव्होल्टने सरकतो. बॅटरीच्या तारेला सेन्सरचा स्पर्शही होत नाही, आणि ट्रान्सफॉर्मरला न जमणारा डीसी प्रवाहही मोजला जातो. मर्यादा मात्र आहेत. चिप तापली किंवा तिच्यावर ताण आला तर शून्याचा आकडा हलतो, आणि प्रचंड प्रवाह येऊन गेल्यावर कड्यात थोडं चुंबकत्व उरतं. प्रवाह बंद असतानाही सेन्सर काही अँपिअर दाखवत असेल तर आधी याच दोन गोष्टींवर संशय घ्यावा.

रेस दिल्यावर गाडी हलत नसेल तर लगेच मूठ बदलू नका. मागचं चाक जमिनीवरून उचलून घ्या, चावी फिरवा आणि मुठीच्या तारांवर मल्टिमीटर लावा. लाल आणि काळ्या तारेत ५ व्होल्टच्या आसपास मिळत नसतील तर दोष कंट्रोलरमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. ते मिळत असून मूठ सावकाश पिळताना काळ्या आणि तिसऱ्या तारेतला आकडा जागचा हलत नसेल, तरच नवी मूठ घ्या.